लघुकथा शेवटाशी अडली आहे: पावसात फिसकटलेली सहल (मदत हवी)

काठावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एक लघुकथा लिहिते आहे, साधारण दीड हजार शब्दांची. बाकी सगळं उभं राहिलंय, शेवट बसत नाहीये. म्हणून इथे टाकते.

कथानक असं: आई, बाबा, ताई, बारा वर्षांचा निवेदक आणि आजोबा. आजोबांना कमी ऐकू येतं. एका दिवसाच्या सहलीचं वेळापत्रक आईने महिनाभर खपून तयार केलंय, लॅमिनेट करून गळ्यात अडकवलंय. सव्वासातला निघायचं, ९:४० ची बोट, साडेअकराला बेटावरचं दीपगृह, दुपारी परतीची बोट, चार वाजता संग्रहालय, मग रात्रीची गाडी. मुसळधार पाऊस येतो, बोटी रद्द होतात आणि हे सगळे धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपार उलटेपर्यंत अडकतात. ठरवलेलं काहीच बघून होत नाही. तरी पुढे वर्षानुवर्षं घरात त्याच दिवसाची आठवण निघते.

सध्याचा शेवट:

> पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. आम्ही खुणांनी बोलत होतो, हसत होतो. मग आईने गळ्यातला कागद काढला, त्याची होडी केली आणि पाण्यात सोडली. होडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत राहिलो. तो दिवस आमच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस ठरला.

ते शेवटचं वाक्य मला उपरं वाटतं. काढलं तर हा दिवस घरात सगळ्यांच्या का लक्षात राहिला हे वाचकाला कळणार कसं? ठेवलं तर सांगितल्यासारखं होतं. काय करू?

---

रानपाखरू

मला तर आवडला शेवट. होडीपाशी डोळे भरून आले. आहे तसं राहू दे. पु.ले.शु.

---

वेळेवर

मुळात नियोजनच कच्चं आहे. सव्वासातला निघून ९:४० ची बोट म्हणजे मधे किती वेळ मोकळा ठेवला? पावसात रस्त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणारच. अशा दिवशी सगळ्या गोष्टी एकीला एक बांधलेल्या असतात. बोट चुकली की दीपगृह गेलं, दीपगृहाला उशीर झाला की परतीची बोट गेली, ती गेली की संग्रहालय बंद. सकाळी वीस मिनिटं हुकली की संध्याकाळपर्यंतचं सगळं हातचं जातं. मी नेहमी दिवसात दोनच गोष्टी पक्क्या ठरवतो. तिसरी जमली तर जमली. शिवाय सगळ्यात महत्त्वाची जागा आधी, कारण दिवस मागच्या बाजूने कापला जातो. पुढच्या वेळी असं करून बघा, असा प्रसंग येणार नाही.

---

गुळगुळीत_दगड

वेळेवर, अहो ती कथा आहे. प्रसंग आला नाही तर त्या लिहिणार काय? :)

---

जुना_खिळा

काही वर्षं कथास्पर्धांसाठी आलेल्या कथा वाचण्याचं काम केलंय, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी वेळेवर यांच्याबद्दल. प्रश्न त्यांनी वेगळाच धरला, पण कथेला लागणारी गोष्ट त्यांच्याकडून आली आहे. तुमच्या मसुद्यात बोटी पावसामुळे थेट रद्द होतात. म्हणजे दोष कोणाचाच नाही आणि आईच्या मनावर कसलंच ओझं नाही. त्याऐवजी ९:४० ची बोट हिच्या घट्ट वेळापत्रकामुळे चुकू द्या. धक्क्यावर पोचतात तेव्हा बोट सुटून दहा मिनिटं झालेली. मग आई म्हणते, पुढची मिळेल, थांबू. आणि ती पुढची रद्द होते. यातून तुम्हाला दोन गोष्टी मिळतात. आईच्या मनात टोचणी येते, आणि हे लोक शेडमध्ये का थांबले याला कारण मिळतं. आत्ता वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला, की हे घरी का जात नाहीत? ‘पुढची येईल’ ही आशा माणसांना एका जागी धरून ठेवते. तासाभराने परत जायचा रस्ताही पाण्याखाली गेलेला दाखवता येईल.

आता शेवट. होडी काढा. एक तर लॅमिनेट केलेल्या कागदाची होडी होत नाही. त्याला घडी बसत नाही, दाबली तरी उघडते. पण तुम्ही लॅमिनेशन काढून टाकलंत तरी मी हेच म्हणेन. पावसाच्या कथेत कागदाची होडी वाचकाला दुसऱ्या परिच्छेदापासूनच दिसत असते. शिवाय ती कुठल्याही कुटुंबाच्या कथेत चालेल. या कुटुंबाची म्हणून त्यात काय आहे?

आणि खरी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. पाऊस इतका वाजतोय की कोणालाच ऐकू येत नाही, आणि त्या घरात एक माणूस असा आहे की ज्याला रोजच ऐकू येत नाही. त्या पत्र्याखाली तो एकटाच सरावलेला आहे. कथा तिथे आहे. बेत फिसकटला नसता तर हे घडलंच नसतं, हे महत्त्वाचं. चांगली गोष्ट योगायोगाने आली, म्हणजे शेडमध्ये कोणी वाद्य घेऊन बसलेलं होतं वगैरे, तर ती चिकटवलेली वाटते. ज्या कारणाने दिवस मोडला त्याच कारणाने तो उभा राहिला पाहिजे. एवढं जमलं की ‘सुंदर दिवस ठरला’ हे वाक्य आपोआप गळून पडेल.

---

काठावरची

जुना_खिळा, आजोबांबद्दलचं वाचून अंगावर काटा आला. ती ओळ मी फक्त वातावरणासाठी लिहिली होती. विचार करते.

---

सहज_सुचलं

यामागे मानसशास्त्र आहे. डॅनियल कानेमन यांनी दाखवलंय की आपल्याला अनुभवाचा शेवट लक्षात राहतो, बाकी सगळं पुसलं जातं. म्हणून दिवसभर कितीही हाल दाखवा, संध्याकाळी काहीतरी छान घडवा. ऊन पडू दे, इंद्रधनुष्य दिसू दे. मेंदू उरलेला दिवस विसरतो. सोपं आहे.

---

मनकवडी

सहज_सुचलं, अर्धं बरोबर आहे. शेवटाला वजन असतं हे खरं, पण तेवढंच वजन त्या अनुभवातल्या सगळ्यात तीव्र क्षणालाही असतं. पुसली जाते ती मुख्यतः लांबी, म्हणजे तो प्रकार किती वेळ चालला हे. १९९३ चा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशाच्या थंड पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या जादा वेळात पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशापर्यंत वाढवलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त, तरी शेवट थोडा सुसह्य म्हणून.

कथेपुरता याचा उपयोग एवढाच, की शेडमधले तास तुम्हाला तासांच्या हिशेबाने लिहायची गरज नाही. कुटुंबाला ते तास आठवणार नाहीत, एक क्षण आठवेल. तो क्षण जवळून लिहा. इंद्रधनुष्य नको, कृपया.

सहलींवरच थेट एक काम आहे. १९९७ मध्ये टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी सहलीला जाणाऱ्यांना आधी, मधे आणि नंतर विचारलं. त्यात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला गेलेले विद्यार्थीही होते. जाण्याआधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण, दोन्ही प्रत्यक्ष सहलीत वाटत होतं त्यापेक्षा गोड निघाली. आणि हे वर्षानुवर्षांनी नाही, सहल संपून थोडेच दिवस झाले असताना.

म्हणजे त्या शेडमध्ये, त्याच वेळी, ‘हा किती सुंदर दिवस आहे’ असं कोणालाही वाटता कामा नये. ओले मोजे, लागलेली लघवी, चिडचिड, हे सगळं तिथे असणार. म्हणून तुमचं शेवटचं वाक्य उपरं वाटतंय. ते नंतरचं मत आहे आणि तुम्ही ते त्या दिवशीच म्हणवून घेताय.

---

सहज_सुचलं

इंद्रधनुष्य मागे घेतो. पण मग वाचकाला नंतरचं कळणार कसं? वीस वर्षांनी सगळे एकत्र बसून आठवण काढतायत असं एक पान जोडावं का?

---

जुना_खिळा

पान नको, एक वाक्य पुरे. आणि ते शेवटीच असावं असंही नाही. मधेच, ओघात येऊ दे. ‘ताई अजूनही हा प्रसंग सांगताना मोज्यांचा रंग चुकीचा सांगते.’ एवढ्यात वाचकाला कळतं की हे घरात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांची भांडणंही होतात. ज्या दिवसाच्या तपशिलावरून घरातले वर्षांनंतर वाद घालतात तो दिवस त्यांच्यासाठी काय आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

तिसरी_घंटा

धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या वडिलांना बारा-तेरा वर्षं यंत्र आहे, म्हणून राहवलं नाही.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ असली व्यंजनं जातात आणि स्वर राहतात. त्यामुळे माणूस म्हणतो, ‘आवाज येतोय, कळत नाहीये.’ आपण त्यावर आणखी जोरात बोलतो. जोरात बोलल्याने स्वर मोठे होतात, हरवलेलं व्यंजन तसंच हरवलेलं राहतं. घरोघरी हा गैरसमज आहे, आणि त्यातून चिडचिड होते, दोन्हीकडून.

आणि यंत्र पावसात काढून ठेवतात ते बरोबर लिहिलंय. ओल गेली की बिघडतं. शिवाय पत्र्याचा कडकडाट यंत्र मोठा करून कानात ओततं. वडील अशा वेळी पहिल्यांदा यंत्र काढतात आणि डबीत ठेवतात. डबी लिहा, नुसत्या खिशात कोणी टाकत नाही.

वडील ओठ वाचतात. कोणी शिकवलं नाही, आपोआप आलं. पण त्यालाही मर्यादा आहेत. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. पान, बाण, मान यांतलं काय म्हटलं ते नुसत्या ओठांवरून सांगता येत नाही, संदर्भावरून ताडावं लागतं. समोरचा ओरडला की तोंड वेडंवाकडं होतं, मग तर अजिबातच कळत नाही. वडील हाताने खाली खाली अशी खूण करतात. साधं बोल, असं.

---

मनकवडी

तिसरी_घंटा, फार मोलाचं लिहिलंत. यात एक भर घालते. गोंगाटात माणूस आपसूक आवाज चढवतो, ठरवून नाही. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणजे शेडमध्ये सुरुवातीला सगळे ओरडणार. थांबवूनही थांबणार नाहीत.

---

जुना_खिळा

थांबा थांबा. म्हणजे रोज ‘मोठ्याने बोला’ म्हणणारे आजोबा त्या दिवशी ‘ओरडू नका’ म्हणून खूण करणार! काठावरची, याहून जास्त काय हवं तुम्हाला?

---

उंबरठा

मला एक खटकतंय, स्पष्ट लिहितो. मी स्वतः वयाच्या तिशीपासून यंत्र वापरतो. कथांमधून आमच्यासारख्यांचं एक ठरलेलं काम असतं. आम्ही यायचं, बाकीच्यांना काहीतरी शिकवायचं आणि त्यांचा दिवस सुंदर करून द्यायचा. आजोबा इथे तेच करणार असतील तर मला ती कथा नको.

ओठ वाचणं म्हणजे जादू नाही, कष्ट आहेत. तासभर केलं तरी डोकं दुखतं. मधेच मी सोडून देतो आणि नुसती मान डोलावतो. मोठ्या कुटुंबात बसलेलं असताना अर्धा वेळ मान डोलावण्यातच जातो. आजोबांना हे सगळं येतं असं दाखवाल, तर त्यांनी एखाद्या ठिकाणी चुकीचंही वाचलं पाहिजे, आणि थकलंही पाहिजे.

---

रानपाखरू

उंबरठा, तुमचं वाचून मला माझ्या मामांची मान आठवली. ते सगळ्याला हो म्हणायचे. आम्हाला वाटायचं, किती समजूतदार.

---

तिसरी_घंटा

उंबरठा यांना +१. आणि आजोबांना स्वतःलाही काहीतरी हवं असू दे. माझ्या वडिलांना पत्त्यांत जिंकायचं असतं, बाकी काही नाही.

---

वेळेवर

आता कथेचंच बोलतो. :) मुसळधार पाऊस सहा तास एकाच जोराने पडत नाही. सर येते, वीस-पंचवीस मिनिटं झोडपते, ओसरते, परत येते. पत्र्यावर तर हे लगेच कळतं. मोठे थेंब गेले आणि बारीक राहिले की आवाज एकदम बसतो. म्हणजे मधे मधे सगळ्यांना नीट ऐकू येणार. तेव्हा काय?

दुसरं म्हणजे, आईचं ते वेळापत्रक वाया का घालवताय? महिनाभर खपून केलेला कागद आहे. वेळा आहेत त्यात. वापरा की.

---

काठावरची

मंडळी, परवापासून या धाग्यावरच आहे मी. वेळेवर, तुमच्या शेवटच्या ओळीने कुलूप उघडलं. उंबरठा, तुमचं म्हणणं समोर ठेवूनच पुन्हा लिहिलं. तो भाग टाकते:

> सर वाढली तसे सगळे ओरडायला लागले. बाबा आईच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारत होते आणि आई गळ्यातला कागद उचलून दाखवत होती. ताई माझ्याकडे बघून ओरडली. मी ‘काय?’ म्हणालो, ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.
>
> आजोबांनी यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी आतल्या खिशात. मग माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने लिहिलं: मोजे. ताईला कोरडे मोजे हवे होते. ते निळे होते. ताई अजूनही सांगताना लाल म्हणते.
>
> मी मोजे दिले. आजोबांनी ताईला तळहात खाली खाली करून दाखवला. ओरडू नकोस. साधं बोल.
>
> आई बाकाच्या टोकाला बसली होती. रस्त्याकडे बघत तिने ओठ हलवले, कोणालाच उद्देशून नाही. आजोबांनी ते पाहिलं. उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने काय म्हटलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं: नऊ चाळीसची धरायलाच नको होती. आजोबांनी तिच्या गळ्यातल्या कागदावर बोट टेकवलं. ११:३०, दीपगृह, ४० मिनिटे. मग मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. साडेअकरा वाजून गेले होते.
>
> ते उभे राहिले. एक हात सरळ वर केला आणि त्याच्या टोकाशी दुसऱ्या हाताची बोटं उघडत-मिटत गोल फिरवायला लागले. बाबांना वाटलं, त्यांना चक्कर येतेय. ते धरायला धावले. आजोबांनी त्यांना झटकलं आणि पुन्हा फिरवायला सुरुवात केली. ताईला आधी कळलं. ती पायऱ्या चढायला लागली, जागच्या जागी, गोल गोल, दम लागल्यासारखी. मग मी चढलो. आईने कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि चाळीस मिनिटं झाल्यावरच आम्हाला खाली उतरू दिलं.
>
> एकदा आजोबांनी बाबांचे ओठ चुकीचे वाचले आणि ‘पाय’ ऐवजी ‘माय’ समजून आईला बोलावून आणलं. बाबांच्या पायात गोळा आला होता. परतीची बोट वल्हवताना आजोबा दमून भिंतीला टेकले आणि डोळे मिटून घेतले. तेवढा वेळ आम्हाला एकमेकांचं काहीच समजेना. आम्ही ते उठायची वाट बघत बसलो.
>
> चारच्या सुमारास पत्र्याचा आवाज बसला. ‘थांबला वाटतं,’ बाबा म्हणाले. ताईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. संग्रहालय अजून राहिलं होतं.

इथे कथा संपते. मधल्या ओसरत्या सरींचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

---

रानपाखरू

मी होडीच्या बाजूची होते. आता नाही.

---

जुना_खिळा

कागद मोडला नाही, पाळला. अक्षरशः मिनिटांनुसार. ‘बेत फिसकटला आणि बेत फिसकटणंच कसं छान’ या नेहमीच्या वाटेने तुम्ही गेला नाहीत, आणि त्यामुळे आईचा महिना फुकट गेला नाही. ‘चाळीस मिनिटं झाल्यावरच आम्हाला खाली उतरू दिलं’ हे वाक्य या कथेतलं सर्वोत्तम आहे. तिथे आई परत आली.

एक सूचना आहे. ‘ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं’ हे काढून टाका. तिने काय म्हटलं ते आजोबा आणि ती यांच्यातच राहू दे. टोचणी तुम्ही आधीच, बोट चुकताना दाखवलेली असेल, वाचक जुळवून घेईल.

---

मनकवडी

इथे माझं मत वेगळं आहे. ते ठेवा. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी ते बोललं, यावरूनच आठवण एकाची नसते हे कळतं. त्या दिवशी मुलगा खेळत होता आणि आई स्वतःला दोष देत होती. त्याच्यासाठी तो दिवस सुंदर, तिच्यासाठी कदाचित अर्धाच. दोन्ही एका घरात राहतात. ते वाक्य गेलं तर पाचही जणांची आठवण एकच असल्यासारखं होईल.

---

जुना_खिळा

मुद्दा मान्य, तरी माझा कौल काढण्याकडेच. सांगायचं तर आजोबांच्या बाजूने सांगा, म्हणजे कोणाकडून कळलं ते तरी समजेल.

---

उंबरठा

भिंतीला टेकले ते वाचून बरं वाटलं. आणि बाकीच्यांना काही समजेना, ही तर आमची रोजची अवस्था. त्यावर एकही वाक्य भाष्य केलं नाहीत, तसंच राहू द्या.

‘माय’ मात्र तपासा. बाबा तिथे ‘पाय’ म्हणाले आणि पायाकडे हात नेला असेल तर आजोबा चुकणार नाहीत. हात दुसरीकडे गुंतलेले दाखवा, म्हणजे नुसते ओठच दिसले पाहिजेत.

---

काठावरची

खरंय, बाबांच्या दोन्ही हातांत पिशव्या देते.

---

वेळेवर

ओसरत्या सरींसाठी माझ्याकडे एक उपाय आहे. पहिल्या ओसरतीला सगळे बोलायला लागतात, आणि पहिलं वाक्य बाबांचं, ‘आता निघायचं का?’ लगेच वाद सुरू होतो. परत सर येते आणि वाद बुडतो. मग दुसऱ्या ओसरतीला कोणीच बोलत नाही. नियम कोणी सांगायची गरज नाही.

---

काठावरची

वेळेवर, हे घेतेय, दीपगृह आणि परतीची बोट यांच्या मधे. दीडशे शब्दांत बसवते. ‘पुष्कळ वर्षांनी’चं अजून ठरत नाहीये. मनकवडी आणि जुना_खिळा, दोन्ही प्रकारे लिहून बघते आणि रविवारी दोन्ही इथे टाकते.

---

तिसरी_घंटा

टाका. वडिलांना वाचून दाखवणार आहे, समोर बसून, साध्या आवाजात.